चुकलेल्या रविवारचा हिशेब

धाराशिव शहरात किंवा तुळजापूर, उमरगा, कळंबसारख्या तालुक्याच्या गावी जिममध्ये ट्रेनर असलेल्या माणसाचा दिवस मधोमध दुभंगलेला असतो. पहाटे साडेपाचला शटर वर जातं आणि दहाच्या सुमारास गर्दी ओसरते. मग संध्याकाळी पाचपासून रात्री साडेनऊ-दहापर्यंत पुन्हा उभं राहायचं. मधल्या वेळात जेवण, झोप, कुणाच्या तरी घरी जाऊन घ्यायचं पर्सनल ट्रेनिंग आणि काही ठिकाणी दुपारची लेडीज बॅच. वेळापत्रक काउंटरच्या मागे चिकटवलेलं असतं, पण ते पाळलं जाईलच असं नाही. पर्सनलचा मेंबर सातऐवजी साडेआठला येतो, दुसरा ट्रेनर लग्नाला जातो आणि त्याची पाळीही यालाच करावी लागते, वीज गेली की सगळंच पुढे सरकतं. अशा माणसाला सगळीकडून एकच सांगितलं जातं : रोज एक रील टाक. ते जमत नाही, कारण रोज एक रील टाकायची म्हणजे रोज एक निवांत तास हवा, आणि नेमका तोच त्याच्याकडे नसतो. मग दुसरा सल्ला येतो : महिन्यातला एक दिवस काढ, सगळे व्हिडिओ एकदम शूट कर, त्यांची बँक करून ठेव. हा दुसरा सल्ला बरोबर आहे, पण अर्धाच. किती व्हिडिओ साठवायचे याचं माप त्यात नाही, आणि ते माप चुकलं की बँक नसल्यासारखीच ठरते. माझं म्हणणं असं, की बँक केवढी असावी हे एका दिवसात किती शूट होतं यावर ठरत नाही. ठरलेला शूटचा दिवस बुडाला, तर तसाच दुसरा दिवस किती काळाने हाती लागेल, यावर ते ठरतं.

याचा पुरावा मराठी माणसाने आपल्या घरातल्या टीव्हीवर पाहिलेला आहे. रोजच्या मालिकांच्या धंद्यात ‘बँक’ हा शब्द जुना आहे. प्रसारणाच्या पुढे जेवढे भाग चित्रित होऊन तयार असतील, तेवढी मालिकेची बँक. 2020 च्या मार्चमध्ये, कोरोनामुळे 19 तारखेपासून चित्रीकरणं थांबली, आणि बघता बघता वाहिन्यांवर जुने भाग दिसू लागले. दूरदर्शनने 28 मार्चपासून ‘रामायण’ पुन्हा दाखवायला घेतलं. मराठी मालिकांचे नवे भाग परत सुरू व्हायला जुलै उजाडला. पुढच्या वर्षी, एप्रिल 2021 मध्ये राज्यात पुन्हा निर्बंध आले, तेव्हा निर्माते हातावर हात धरून बसले नाहीत. बऱ्याच मालिकांनी युनिटं उचलून गोव्याला नेली. मे महिन्यात गोव्यातलं चित्रीकरणही थांबवलं गेलं, तेव्हा तिथूनही बिऱ्हाड हलवावं लागलं. माणसं, पैसा, यंत्रणा सगळं हाताशी असून ही धावपळ झाली. पुढचे थोडे भाग शिल्लक ठेवायचे हे गणित ‘एखादा दिवस वाया जाईल’ या गृहीतावर बसवलेलं होतं. महिनोन्‌महिने कॅमेरा लागणारच नाही, असा प्रसंग त्यात धरलेला नव्हता, आणि तो धरणं शक्यही नव्हतं. मुद्दा एवढाच, की बँकेचा आकार अडथळ्याच्या लांबीशी जुळावा लागतो. ट्रेनरच्या आयुष्यातले अडथळे महामारीएवढे नसतात, पण ते वारंवार येतात. मालिकेपेक्षा त्याच्याकडे एक सोयही जास्त आहे. मालिकेचा भाग 212 हा भाग 211 नंतरच दाखवावा लागतो. स्क्वॉटचा व्हिडिओ मात्र पुश-अपच्या आधी गेला काय, नंतर गेला काय, कुणाचं काही अडत नाही.

आता हे गणित एका ट्रेनरच्या महिन्यावर मांडून पाहू. समजा, जिमची साप्ताहिक सुट्टी रविवारी आहे आणि आठवड्यात दोन व्हिडिओ टाकायचं ठरलं आहे. पहिल्या शूटमध्ये बारा व्हिडिओंचा ऐवज घेतला, तर तो सहा आठवडे पुरतो. कागदावर हे छान दिसतं. पुढचं शूट सहाव्या आठवड्यात ठेवलं आणि त्या रविवारी बहिणीच्या सासरी बारसं निघालं, की सातव्या आठवड्यात टाकायला काही नसतं. म्हणून प्रश्न उलटा विचारायचा. एक रविवार गेला, तर दुसरा कधी? बहुतेक वेळा पुढच्याच आठवड्यात, लग्नसराईत कदाचित त्याच्याही पुढच्या. म्हणजे किमान दोन आठवड्यांची शिल्लक, चार व्हिडिओ, कधीच खर्च होता कामा नये. चार उरले की त्या रविवारी शूट. बारापासून सुरुवात केली आणि आठवड्याला दोन गेले, तर चार आठवड्यांनी ती वेळ येते. म्हणजे साधारण महिन्याला एक शूट आणि दर वेळी आठ-दहा व्हिडिओंची भर. दहा एवढ्यासाठी, की घेतलेल्यांपैकी एखाद-दुसरा आवाजापायी किंवा उजेडापायी फुकट जातोच. हे खालचे चार जपता आले तर रीत वर्षभर टिकते. ज्याची सुट्टी ठरलेली नाही, ज्याला मालक आदल्या रात्री ‘उद्या येऊ नको’ म्हणून सांगतो, त्याने चारऐवजी सहा-आठ धरावेत. वेळ जितकी बेभरवशाची, तितकी तळाची शिल्लक मोठी.

दुसरी गोष्ट वेळेच्या जातीची. अनियमित वेळा म्हणजे वेळ नसणं नव्हे. ट्रेनरकडे दिवसभरात वीस-वीस मिनिटांचे तुकडे पुष्कळ असतात : मेंबर उशिरा येतो तेव्हाचा, वॉर्म-अपला ट्रेडमिलवर चढवल्यानंतरचा, दुपारच्या जेवणानंतरचा. सलग चार तास मात्र क्वचित. म्हणून कामाची वाटणी वेळेच्या जातीप्रमाणे करावी लागते. शूटला सलग वेळ लागतो, कारण ट्रायपॉड लावणं, उजेड जुळवणं, कपडे आणि आवाज सारखा ठेवणं यातच पाऊण तास जातो, आणि ती मांडणी एकदा मोडली की पुन्हा पहिल्यापासून. काटछाट, पडद्यावरचा मजकूर, खालच्या दोन ओळी, मुखपृष्ठाचं चित्र ही कामं तुकड्यांत बसतात. एका रीलची काटछाट एका तुकड्यात होते. ‘महिन्यातला एक दिवस’ हा सल्ला फसतो तो इथेच. लोक त्या एका दिवसात शूटही करायला बघतात आणि काटछाटही. संध्याकाळपर्यंत चार व्हिडिओ तयार होतात, उरलेलं कच्चं चित्रण फोनमध्ये पडून राहतं आणि पुढच्या महिन्यात जागा हवी म्हणून पुसलं जातं. कच्चं चित्रण म्हणजे बँक नव्हे. शिल्लक मोजायची ती कापून, मजकूर घालून, केव्हाही टाकता येईल अशा व्हिडिओंचीच.

शूटच्या दिवसाचं निम्मं काम त्याच्या आधी महिनाभर चालू असतं, आणि त्याला कॅमेरा लागत नाही. काउंटरवर एक वही ठेवायची आणि मेंबरने विचारलेला प्रश्न त्याच्याच शब्दांत लिहून ठेवायचा. या जिल्ह्यात प्रश्न कोणते येतील हे बऱ्यापैकी ठरलेलं आहे. पोलिस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली जवळपास प्रत्येक जिममध्ये असतात. मैदानी चाचणीत मुलांना 1600 मीटर आणि 100 मीटर धावावं लागतं आणि 7.26 किलोचा गोळा टाकावा लागतो. मुलींना 800 मीटर, 100 मीटर आणि 4 किलोचा गोळा. त्यांचे प्रश्न असे : नडगी दुखते तर धावायचं का? पायाचा दिवस आणि पळण्याचा दिवस एकाच दिवशी ठेवू का? गोळ्यासाठी बेंच प्रेस वाढवला तर फायदा होतो का? अश्विनात प्रश्न बदलतात. तुळजाभवानीच्या नवरात्रात नऊ दिवस उपास करणारे विचारतात, की जिमला यायचं की बंद ठेवायचं. कोजागिरीला तुळजापूरला पायी जाणारे विचारतात, की आधी काय सराव करावा, आणि आल्यावर गुडघे का धरतात. खो-खो खेळणाऱ्या मुली आणि त्यांचे पालकही विचारायला येतात. ज्या जिल्ह्याच्या सारिका काळेला 2020 चा अर्जुन पुरस्कार मिळाला, तिथे हे ओघाने आलंच. वहीत महिन्याला तीस-चाळीस प्रश्न जमतात आणि त्यांतले दहा परत परत आलेले असतात. तेच शूटला घ्यायचे. मुंबई-दिल्लीच्या कुणाचा व्हिडिओ पाहून सुचलेल्या विषयापेक्षा हे बरे. एक तर उत्तर तोंडपाठ असतं, कारण ते महिनाभर प्रत्यक्ष देऊन झालेलं असतं. शिवाय व्हिडिओ पडल्यावर ज्याने विचारलं होतं, तो दुसऱ्याला पाठवतो.

आता प्रत्यक्ष शूट. सुट्टीचा रविवार न मिळता आडवारी करायचं असेल, तर साडेदहाच्या सुमारास जिम रिकामी झाली, असं गृहीत धरू. लेडीज बॅच दुपारी असेल तर तो दिवस नकोच. आरशांच्या खोलीत कॅमेरा चालू असताना कोण कुठे दिसेल सांगता येत नाही, आणि परवानगी न विचारता कुणी चित्रात आलं तर गावात त्याचं काय होतं हे वेगळं सांगायला नको. बंद जिममध्येच शूट करावं. पहिलं काम गाणी आणि पंखे बंद करणं. स्पीकरवरचं सिनेमाचं गाणं मागे राहिलं, तर हक्काच्या कारणावरून व्हिडिओचा आवाज बंद होऊ शकतो, आणि पंख्याचा घरघराट पुढे सहजासहजी जात नाही. कॉलरला लावायचा माइक असेल तर उत्तम. नसेल तर बोलायचे व्हिडिओ फोनपासून हातभर अंतरावर आणि व्यायामाचे लांबून, अशी विभागणी करावी. क्रमही त्याप्रमाणेच : बोलायचे आधी, घाम यायच्या आत, आणि व्यायामाचे नंतर. व्यायामातही कॅमेरा जिथे आहे तिथून जेवढे निघतील तेवढे सगळे काढून घ्यायचे, मगच ट्रायपॉड हलवायचा. उभ्याने करायचे सगळे एकत्र, बेंचवरचे एकत्र, जमिनीवरचे शेवटी.

उजेडाबद्दल थोडं सविस्तर, कारण लहान जिममधले निम्मे व्हिडिओ इथेच बिघडतात आणि ते घरी गेल्यावर कळतं. आपल्याकडच्या विजेची वारंवारता 50 हर्ट्‌झ आहे. त्यामुळे साधा एलईडी बल्ब किंवा ट्यूब सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त उजळते. डोळ्याला ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. फोन आपोआप शटरचा वेग ठरवत असेल आणि तो या लयीशी जुळला नाही, तर पडद्यावर काळसर पट्टे सरकत राहतात. फोनच्या प्रो किंवा मॅन्युअल मोडमध्ये शटर 1/50 किंवा 1/100 वर बांधून ठेवलं, की प्रत्येक चौकटीत उजेडाच्या पूर्ण लहरी बसतात आणि पट्टे जातात. काही फोनमध्ये 50 हर्ट्‌झ असा वेगळा पर्याय असतो, तो निवडला तरी काम होतं. स्लो मोशनमध्ये मात्र अडचण वाढते. सेकंदाला 120 चौकटी घ्यायच्या म्हटल्यावर शटर 1/120 पेक्षा जास्त वेळ उघडं राहूच शकत नाही, म्हणून ट्यूबखाली घेतलेला स्लो मोशन लुकलुकतो. तो फक्त दाराच्या शटरजवळ, दिवसाच्या उजेडात घ्यावा. तपासायचं कसं? सुरुवातीला दहा सेकंद रिकाम्या पांढऱ्या भिंतीचं चित्रण करायचं आणि ब्राइटनेस पूर्ण वाढवून पाहायचं. पट्टा असेल तर तिथेच दिसतो. दुसरी नेहमीची चूक म्हणजे उघड्या शटरकडे पाठ करून उभं राहणं. मागून भगभगीत ऊन आणि पुढे काळा चेहरा. तोंड शटरकडे करावं आणि कॅमेऱ्याची पाठ शटरकडे. मध्येच वीज जाऊन इन्व्हर्टरवर अर्ध्या ट्यूब राहिल्या, तर चालू असलेला व्यायाम सोडून द्यावा आणि बोलायचा एखादा राहिलेला व्हिडिओ दारात उभं राहून उरकावा. एकाच व्हिडिओत दोन प्रकारचा उजेड आला की तो जोडता येत नाही.

एक व्हिडिओ जवळून पाहू. वहीतला प्रश्न : ‘स्क्वॉटला गुडघा पंजाच्या पुढे गेला तर चालतो का?’ फोन उभा धरायचा, माणसापासून अडीच-तीन मीटर लांब, उंची कमरेएवढी. खाली ठेवला तर मांड्या फुगलेल्या दिसतात आणि बसण्याची खोली चुकीची वाटते. वाइड लेन्स नको, कडेचे पाय ताणले जातात. सेल्फी कॅमेराही नको, तो बऱ्याचदा डावं-उजवं उलटवतो आणि ‘डावा पाय पुढे’ म्हटलं की पाहणारा गोंधळतो. पहिली बाजू पूर्ण आडवी, कारण कंबर मागे किती जाते आणि टाच उचलते का हे तिथूनच कळतं. दुसरी बाजू पुढून तिरकी, कारण गुडघे आत वळतात का ते तिथून दिसतं. रिकामा बार, म्हणजे 20 किलो, पुरे. वजन दाखवायचं नाही, हालचाल दाखवायची आहे. आधी बरोबर स्क्वॉट तीन वेळा, मग चूक एकदाच, आणि तीही बारशिवाय : टाच उचललेली. पडद्यावर त्या वेळी मोठ्या अक्षरात ‘हे चूक’. ही खबरदारी अशासाठी, की लोक व्हिडिओ अर्धवट पाहतात, आणि चुकीचाच भाग कुणी कापून पुढे पाठवला तरी तो चूक म्हणूनच जावा. बोलायचं एवढंच, की निरोगी गुडघा थोडा पुढे गेला म्हणून बिघडत नाही. पाहायचं ते टाच जमिनीवर आहे का आणि गुडघा पंजाच्या दिशेत आहे का. गुडघ्याला आधीपासून दुखापत असेल तर हा व्हिडिओ पाहून सुरू करू नका. सगळं मिळून चाळीस सेकंद.

असे आठ व्यायाम, प्रत्येकाच्या दोन बाजू, प्रत्येक बाजूचे दोन टेक, प्रत्येक टेकमध्ये पाच रेप्स. बेरीज 160 रेप्स. ही बेरीज आधी कुणी करत नाही. बार रिकामा असला तरी एवढ्या रेप्स चार तासांत, थांबत थांबत, थंड अंगाने करणं ही चांगलीच मेहनत आहे. शेवटच्या दोन व्यायामांत पाठ वाकायला लागते आणि नेमकं तेच चित्रित होतं. म्हणून शूटच्या दिवशी स्वतःचा व्यायाम नको, आदल्या दिवशी पायांचा किंवा पाठीचा जड व्यायाम नको, आणि हालचाल जितकी अवघड तितकी आधी घ्यावी. डेडलिफ्ट शेवटी ठेवणारे फसतात. एप्रिल-मेमध्ये ऊन चाळिशी ओलांडतं, तेव्हा पंखे बंद ठेवून पत्र्याच्या छताखाली दुपारी हे सगळं करणं शहाणपणाचं नाही. त्या दोन महिन्यांत शूट पहाटेचं, व्हिडिओ निम्मे, आणि त्याची भरपाई म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये थोडे जास्त.

साठवणुकीचा हिशेब छोटा आहे, पण तो चुकला की दिवस जातो. साध्या अँड्रॉइड फोनवर 1080 दर्जाचं चित्रण मिनिटाला साधारण 130 एमबी जागा खातं. वरचं सगळं शूट तीस-पस्तीस मिनिटांचं होतं, म्हणजे चार-साडेचार जीबी. हेच ‘फोर के’ला घेतलं तर जवळपास तिप्पट, आणि रील शेवटी 1080 गुणिले 1920 मध्येच पाहिली जाणार. चौसष्ट जीबीच्या, लग्नाच्या फोटोंनी भरलेल्या फोनवर ‘स्टोरेज फुल’ हा निरोप सहाव्या व्यायामाला येतो. आदल्या रात्री जागा करून ठेवावी आणि शूट संपल्यावर जिममधून निघण्याआधी सगळं दुसरीकडे उतरवावं. फाइलला नाव देताना तारीख, व्यायाम, बाजू एवढं पुरे : `2025-11_squat_side_2.mp4`. इन्स्टाग्रामच्या ड्राफ्टमध्ये ठेवलेलं सुरक्षित आहे असं समजू नये. ते ड्राफ्ट त्या फोनवरच असतात, आणि अ‍ॅप काढून पुन्हा टाकलं की जातात. मग वहीच्या मागच्या पानावर चार रकाने : शूट झालं, कापलं, मजकूर झाला, टाकलं. तिसऱ्या रकान्यापर्यंत पोचलेले आणि चौथ्यात न गेलेले व्हिडिओ मोजले की शिल्लक कळते.

इथे एक गंभीर आक्षेप येतो : साठवलेलं शिळं असतं, लोकांना ताजं हवं, आणि रोज न टाकणाऱ्याला अ‍ॅप मागे ढकलतं. यातला दुसरा भाग जितका छातीठोकपणे सांगितला जातो तितका पक्का नाही. इन्स्टाग्रामचे प्रमुख अ‍ॅडम मोसेरी यांनीच 2021 मध्ये आठवड्याला दोन पोस्ट आणि दिवसाला दोन स्टोरी असं प्रमाण सांगितलं होतं. पुढे त्यांनी व्हिडिओ किती वेळ पाहिला जातो आणि किती जण तो दुसऱ्याला पाठवतात, याला वजन असल्याचं सांगितलं. नडगीच्या दुखण्यावरचं चांगलं उत्तर भरतीची तयारी करणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये फिरतं. घाईघाईने काढलेली सातवी रील फिरत नाही. शिळेपणाचा भाग मात्र खरा आहे आणि तो मान्य करूनच रीत बसवावी लागते. सगळे व्हिडिओ सारखे टिकत नाहीत. स्क्वॉटचं उत्तर दोन वर्षांनीही तेच असतं. भरतीच्या चाचणीचं उत्तर पुढची जाहिरात येईपर्यंत टिकतं, म्हणून त्यावर ‘जाहिरात तपासून मगच’ असा शेरा हवा. उपासाचा व्हिडिओ घटस्थापनेच्या आधी एक आठवडा, नंतर थेट पुढच्या वर्षी. ज्वारीच्या कणगीशेजारी पुढच्या पेरणीचं बियाणं वेगळं बांधून ठेवतात, तसे हे हंगामी व्हिडिओ वेगळे ठेवावेत आणि शिल्लक मोजताना धरू नयेत. ताजेपणा हवा तो स्टोरीत द्यावा. जिम आज उशिरा उघडणार, अमुक मुलगा भरतीत पास झाला, हे त्याच दिवशीचं आणि त्याच दिवशी संपणारं. ते साठवायचं नसतंच.

शिळेपणापेक्षा मोठा धोका आपोआप टाकण्याचा आहे, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. इन्स्टाग्राम 75 दिवस पुढचं शेड्यूल करू देतं. म्हणून लोक बाराच्या बारा लावून मोकळे होतात. 2025 ची घटस्थापना 22 सप्टेंबरला होती. त्याच दिवसांत धाराशिव जिल्ह्यात अतिवृष्टी झाली, परंडा-भूम भागात गावांना पुराने वेढलं आणि अडकलेल्या माणसांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावं लागलं. ज्याच्या रील्स आधीच लागलेल्या होत्या, त्याच्या खात्यावर त्या आठवड्यात ‘नवरात्रात दांडियाआधी वॉर्म-अप’ हसऱ्या चेहऱ्याने आलं असतं. पाहणाऱ्याला ते शेड्यूल होतं हे कळत नाही. त्याला एवढंच दिसतं, की याच्या शेजारचा तालुका पाण्यात आहे आणि हा नाचतोय. म्हणून शेड्यूल फक्त पुढच्या आठवड्याच्या दोन व्हिडिओंचं करावं आणि बाकीचे तयार पण हातात ठेवावेत. दर रविवारी पाच मिनिटांचं काम आहे. बँकेचा फायदा राहतो आणि लगामही आपल्या हातात राहतो.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. गाव लहान, सगळे ओळखतात, मेंबर तोंडी प्रसिद्धीने येतात. मग हा उपद्व्याप कशासाठी? मला वाटतं, फॉलोअर वाढवण्यासाठी हे केलं तर आक्षेप बरोबरच आहे. धाराशिवच्या ट्रेनरला नागपूरचे दहा हजार फॉलोअर फीचे पैसे देणार नाहीत. पण ट्रेनरचा दिवसातला बराच वेळ एकाच प्रश्नाचं उत्तर पंधरा जणांना देण्यात जातो, आणि संध्याकाळच्या गर्दीत ते अर्धवट दिलं जातं. बँकेतला व्हिडिओ त्या मेंबरला व्हॉट्सॲपवर पाठवता येतो : ‘हा बघ, उद्या आलास की करून दाखव.’ एका व्हिडिओचा खरा उपयोग पहिल्या दिवशीच्या व्ह्यूजमध्ये मोजला जात नाही, वर्षभरात तो किती वेळा असा पाठवला गेला यात मोजावा. या मोजमापाने पाहिलं तर आठवड्याला दोनऐवजी एक टाकला तरी चालतो, आणि ज्याला रविवारीही घरचं शेत बघायला जावं लागतं त्याने एकच धरावा. मग चारची शिल्लक चार आठवडे पुरते. एक मर्यादा मात्र आहे. व्हिडिओ समोरच्याची चूक पाहू शकत नाही. खांदा धरला आहे, मणक्यात कळ येते, अशा प्रश्नाला साठवलेलं उत्तर पाठवणं हा निष्काळजीपणा आहे. वहीत असा प्रश्न आला तर त्याच्यापुढे फुली मारून डॉक्टरकडे जायला सांगावं.

तोंडाने सांगताना चालून जातं ते रेकॉर्ड झालं की राहतं, हेही शूटच्या आधी लक्षात घ्यावं लागतं. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने ऑगस्ट 2023 मध्ये आरोग्य आणि फिटनेसविषयी बोलणाऱ्यांसाठी जादा मार्गदर्शक सूचना काढल्या. मान्यताप्राप्त संस्थेचं प्रमाणपत्र असलेल्याने आरोग्याचे दावे करताना किंवा एखादं उत्पादन सुचवताना आपण प्रमाणित आहोत हे सांगावं, आणि हे वैद्यकीय सल्ल्याच्या जागी नाही हेही स्पष्ट करावं, अशी त्यांची अपेक्षा आहे. दुकानदाराने डबा फुकट दिला म्हणून केलेला व्हिडिओ ही जाहिरात आहे, आणि तसं पडद्यावर लिहावं लागतं. बँकेच्या दृष्टीने याचा अर्थ साधा आहे. सप्लिमेंटचे व्हिडिओ बँकेत ठेवूच नयेत. भाव बदलतो, डबा बदलतो, दुकानदाराशी संबंध बदलतो, आणि आठ महिन्यांपूर्वीचं कौतुक आज परत वर येतं. त्याऐवजी सोयाबीन, हरभरा, शेंगदाणे, दूध, अंडी यांतून दिवसाचं प्रथिन कसं जमवायचं हा व्हिडिओ ठेवावा. ही पिकं इथल्याच शिवारात आहेत, आणि उत्तर लवकर जुनं होत नाही.

शेवटचा प्रश्न बहुतेकांना नोकरी सोडताना सुचतो, आणि तो पहिल्या शूटआधी सुचायला हवा : ही बँक कुणाची? ट्रेनर जिम बदलतात. मालकाच्या जागेत, मालकाच्या बारवर, मालकाच्या नावाच्या पाटीपुढे केलेले पन्नास व्हिडिओ जिमच्या खात्यावर असतील, तर निघताना ते तिथेच राहतात. ट्रेनरच्या खात्यावर असतील तर प्रत्येकाच्या मागे जुन्या जिमची पाटी दिसत राहते आणि नवा मालक कुरकुर करतो. दोन्ही बाजूंना परवडेल असा तोडगा एवढाच : पाटीपुढचे, मशीनवरचे व्हिडिओ जिमचे, साध्या भिंतीपुढे, रिकाम्या बारवर किंवा नुसत्या अंगाच्या वजनावर केलेले ट्रेनरचे. हे मालकाशी बोलून व्हॉट्सॲपवर दोन ओळींत लिहून घ्यावं. मूळ फाइल्स ट्रेनरने स्वतःच्या ड्राइव्हवर ठेवाव्यात, कारण रीलमधून परत काढलेल्या व्हिडिओवर मजकूर चिकटलेला असतो आणि तो नव्याने कापता येत नाही. आणि शूटच्या दिवशी ट्रायपॉड पहिल्यांदा साध्या भिंतीपुढे लावावा. वीज गेली, मालक आला किंवा मेंबरचा फोन आला, तरी निदान स्वतःचे व्हिडिओ तोवर झालेले असतात.